कॅलेंडरशेजारचं पेन

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने एक निळं बॉलपेन बांधलेलं आहे. सकाळी दूधवाला पिशव्या ठेवून गेला की आई त्या तारखेच्या चौकोनात आकडा टाकते. रोजचे दोन, पाहुणे आले की तीन, घरी कुणी नसेल त्या दिवशी फुली. महिनाअखेरी दूधवाल्याची वही आणि हे कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून हिशोब होतो, त्यामुळे एकही चौकोन रिकामा राहून चालत नाही.

एका सकाळी आईने हाक मारली, "अरे, हे पेन पुन्हा मेलं बघ." मी जाऊन पाहिलं तर बारा तारखेच्या चौकोनात काहीच दिसत नव्हतं. कॅलेंडरचं पान जरा तिरकं करून उजेडाकडे धरलं तेव्हा कळलं की आकडा आहे. आईने दोनदा-तीनदा गिरवलेला दोन कागदात चांगला खोल उमटला होता, फक्त त्यात शाई नव्हती. पेन महिन्याभरापूर्वीच आणलेलं. रिफिल काढून खिडकीसमोर धरली तर निम्म्याहून जास्त भरलेली. आई म्हणाली, "टाकून दे, दहा रुपयांचं तर आहे." पण या खिळ्यावरचं हे वर्षातलं तिसरं की चौथं पेन होतं आणि टेबलावर वापरलेली तशीच पेनं शेवटच्या थेंबापर्यंत चालली होती. बिघाड पेनात कमी आणि त्याच्या जागेत जास्त असणार, अशी मला शंका आली. मग एक सुटीची सकाळ मी त्या एका रिफिलवर घालवली.

काय केलं ते सांगण्याआधी पेनाच्या टोकाशी काय असतं ते बघून घ्यायला हवं, कारण सगळे उपाय तिथूनच निघतात. रिफिलच्या पितळी टोकात एक बारीक छर्रा बसवलेला असतो. तो बहुतेक वेळा टंगस्टन कार्बाइडचा, म्हणजे अतिशय कठीण पदार्थाचा असतो. साध्या पेनात त्याचा व्यास अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असतो. ०.७ मिलिमीटरचा छर्रा राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान. तो ज्या खोबणीत बसतो तिचा काठ कारखान्यात किंचित आत वळवलेला असतो, म्हणून छर्रा बाहेर पडत नाही, पण सगळ्या बाजूंनी फिरू शकतो. छर्रा आणि काठ यांच्यामध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढी. आपण लिहितो तेव्हा कागदाशी घासून छर्रा फिरतो, त्याची आतली शाईत बुडालेली बाजू बाहेर येते आणि ती शाई कागदावर लागते. एवढ्या लहान छर्ऱ्याला एक मीटर लांबीची रेघ ओढायला साडेचारशेच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. त्यातल्या कुठल्याही फेऱ्यात तो अडला किंवा कोरडा फिरला की तिथे रेघ तुटते.

दुसरी गोष्ट शाईची. बॉलपेनची शाई पाण्यात केलेली नसते. रंग आणि राळ एका दाट, तेलकट द्रवात विरघळवून ती बनवतात. या द्रवांत बेंझिल अल्कोहोल आणि फिनॉक्सिइथेनॉल ही दोन नावं नेहमीची. दोघांचाही उत्कलनबिंदू २०० अंश सेल्सिअसच्या वर आहे, म्हणून ती हवेत फार सावकाश उडतात. बिनटोपणाचं बॉलपेन महिनोन् महिने पडून राहिलं तरी बहुधा लिहितं, ते यामुळेच. कागदावर मात्र हीच शाई चटकन वाळल्यासारखी वाटते, कारण कागदाचे तंतू ती शोषून घेतात. प्लॅस्टिकच्या पिशवीवर लिहून बघा, अक्षर कितीतरी वेळ ओलं राहतं आणि बोट लागलं की फिसकटतं.

ही दाट शाई हेच बॉलपेनचं मर्म आणि हेच त्याचं दुखणं. हंगेरीतल्या बुडापेस्टचे पत्रकार लास्लो बिरो यांच्या लक्षात आलं होतं की छापखान्यातली शाई लगेच वाळते आणि पसरत नाही. पण ती फाउंटन पेनमध्ये भरली तर निबपर्यंत उतरतच नाही. म्हणून त्यांनी टोकाला छर्रा घेतला आणि रसायनं जाणणारे त्यांचे भाऊ जॉर्ज यांच्या मदतीने त्याला साजेशी दाट शाई तयार केली. १९३८ साली त्यांनी ब्रिटनमध्ये या पेनचं पेटंट घेतलं. अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आलं तेव्हा लोकांची झुंबड उडाली, पण थोड्याच दिवसांत तक्रारीही आल्या. पेन गळतं आणि मध्येच लिहायचं थांबतं, या त्या तक्रारी. शाई पातळ केली तर गळणार आणि दाट केली तर अडखळणार, या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यातच पुढची बरीच वर्षं गेली. आज दहा रुपयांत मिळणारं पेन त्या शोधाचं फळ आहे, तरी ती मधली जागा अजूनही अरुंदच आहे.

आता आमच्या रिफिलकडे येतो. पेन लिहीत नाही असं दिसलं की पहिली गोष्ट करायची ती म्हणजे कागद बदलणं. हे इतकं सोपं आहे की कुणी करत नाही. मी वर्तमानपत्राची घडी घेतली आणि तिच्या कोऱ्या कडेवर गोल गोल रेघा ओढल्या. वर्तमानपत्र अशासाठी की त्याचा कागद खरखरीत असतो आणि घडीमुळे खाली मऊ गादी मिळते, त्यामुळे छर्ऱ्याला चांगली पकड मिळून तो फिरायला लागतो. गुळगुळीत कागदावर किंवा काचेवर तो नुसता घसरतो. पेन जरा उभं धरायचं हेही महत्त्वाचं. फार आडवं धरलं तर कागदाला छर्ऱ्याऐवजी पितळेचा काठ लागतो, मग चांगलं पेनसुद्धा खरवडल्यासारखं चालतं. आमच्या पेनने वर्तमानपत्रावरही बिनरंगाचे चर उमटवले. म्हणजे निदान सगळा दोष कॅलेंडरच्या कागदाचा नव्हता.

काही जण अशा वेळी चपलेच्या तळव्यावर पेन घासतात. वर्गात हे सगळ्यांनीच केलेलं असतं आणि त्यात तथ्य आहे. रबर छर्ऱ्याला कागदापेक्षा घट्ट पकडतं, म्हणून कागदावर न फिरणारा छर्रा रबरावर फिरतो. पण तळव्याला माती आणि वाळूचे कण असतात. असा एक कण फटीत शिरला की छर्ऱ्याला काही होत नाही, तो फार कठीण असतो, पण पितळेची खोबण ओरखडते. त्यापेक्षा खोडरबर घ्यावं. मी खोडरबरावर पाच-सात वेळा सगळ्या दिशांनी पेन फिरवलं. त्यावर फिकट निळी छटा आली आणि थांबली.

मग भिंग काढलं. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघता येतो. छर्ऱ्याभोवती काळपट निळं कडं जमलेलं दिसलं, डोळ्यातल्या काजळासारखं, आणि त्यात कापसाचे बारीक तंतू अडकलेले होते. लिहिताना थोडी जास्तीची शाई काठावर साठते. पेन उघडं टांगलेलं असेल तर तिच्यावर धूळ बसते, स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेबरोबर आलेलं तेल बसतं आणि हळूहळू त्याचं कडक कडं होतं. फटीतल्या शाईतलाही द्रव इतक्या दिवसांत उडून जातो आणि राळ मागे राहून छर्ऱ्याला चिकटते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची. शाई सुकली असं आपण म्हणतो तेव्हा सगळी रिफिल सुकलेली नसते. सुकलेली असते ती फक्त टोकावरची अगदी पातळ चकती. तिच्या मागची शाई ताजी असते. म्हणून सगळी दुरुस्ती त्या टोकापुरतीच करायची. ते कडं टाचणीने खरवडायचा मोह होतो, पण टाचणीचं पोलाद पितळेपेक्षा कठीण असतं. काठाला एक चरा पडला की पुढे त्या बाजूने शाई गळत राहते.

शाई तेलकट आहे, पाण्यात विरघळत नाही, म्हणून टोक पाण्यात भिजवून ठेवण्यात काही अर्थ नाही. तिला विरघळवतं ते अल्कोहोल. घरात जखम पुसायचं स्पिरिट असेल तर उत्तम, नाहीतर पाण्यासारखा पातळ सॅनिटायझरही चालतो. जेलसारखा घट्ट सॅनिटायझर नको, त्यातला चिकटपणा टोकावर राहतो. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पिळला, त्यात पितळी टोक धरलं आणि अर्धा मिनिट चिमटीत हळूहळू फिरवलं. कापूस गडद निळा झाला. पण एवढ्याने हुरळून जायचं नाही, कारण पहिला डाग सुकलेल्या कड्याचाच असतो. टोक कोरडं पुसून दुसऱ्या कोऱ्या कापसावर टेकवून बघायचं. तिथेही ताजा निळा ठिपका आला तर आतली शाई छर्ऱ्यापर्यंत येते आहे. माझ्या दुसऱ्या कापसावर ठिपका आला, अगदी पुसट. नेलपॉलिश काढायचा द्रवही हेच काम करतो, पण त्यातलं ॲसिटोन पेनाच्या पारदर्शक प्लॅस्टिकला खाऊन टाकतं. वापरायचाच असेल तर रिफिल बाहेर काढून, फक्त पितळेला लावावा.

पुन्हा वर्तमानपत्रावर रेघ ओढली. या वेळी निळी रेघ आली, चांगली ठसठशीत, बोटभर लांब. मग ती फिकी होत गेली आणि परत नुसता चर उरला. बहुतेक लोक इथे हार मानतात, पण आतल्या बिघाडाचा पत्ता नेमका इथेच लागतो. पेन मुळीच लिहीत नसेल तर टोक बंद आहे. थोडं लिहून थांबत असेल तर टोक उघडलं आहे, पण मागून शाई येत नाही. रेघेच्या मधोमध कोरी पट्टी राहून दोन्ही कडांना शाई लागत असेल, रुळांसारखी, तर छर्ऱ्यावर पुरेशी शाई चढत नाही. आमच्या रिफिलचा प्रकार दुसरा होता. मी ती पुन्हा खिडकीसमोर धरली आणि या वेळी तळाशी नीट पाहिलं. पितळ जिथे नळीत शिरतं तिथे दोन-तीन मिलिमीटर नळी रिकामी होती. शाई वर आणि खाली हवेचा बुडबुडा.

ही हवा तिथे आली कशी? बॉलपेनला शाई खाली ढकलणारं आत काही नसतं. शाई स्वतःच्या वजनाने उतरते आणि फिरणारा छर्रा तिला ओढून घेतो. जितकी शाई जाते तितकी हवा रिफिलच्या मागच्या उघड्या टोकातून आत येते. म्हणूनच मागचं टोक कधी बुजवायचं नाही आणि पेनाच्या अंगावर बारीक भोक असेल तर त्यावर चिकटपट्टी लावायची नाही. आता भिंतीवर लिहिताना काय होतं ते बघा. आपण कॅलेंडर टांगलेल्या जागीच लिहितो तेव्हा पेन आडवं असतं आणि बहुधा टोक किंचित वरच्या बाजूला. शाई आपल्या वजनाने मागे सरकते. छर्रा फिरतो, त्याच्याभोवतीची शाई कागदावर जाते आणि तिची जागा घ्यायला मागून शाई येत नाही. मग छर्ऱ्याच्या फटीतून बाहेरचीच हवा आत शिरते. दाट शाई लगेच मागे हटत नाही, म्हणून पहिले दोन-चार आकडे छान उमटतात आणि पेनात काही बिघडतं आहे हे कळत नाही. रोज एक आकडा, रोज थोडीशी हवा. महिन्याभरात बुडबुडा तयार. त्यात आमचं पेन टोपण काढून, टोक वर करून खिळ्याला अडकवलेलं असे, म्हणजे रात्रंदिवस हवेला आणखी वाव.

अंतराळात हाच प्रश्न आला. तिथे शाईला वजनच जाणवत नाही, मग ती उतरणार कशी? अमेरिकेतले पॉल फिशर यांनी यावर बंद रिफिल केली. तिच्या मागच्या भागात दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो आणि तो शाईला सतत छर्ऱ्याकडे ढकलत राहतो. १९६८ साली अपोलो ७ या मोहिमेत ही पेनं गेली. छताकडे तोंड करून किंवा भिंतीवर लिहायला अशीच दाबाची रिफिल लागते. साध्या पेनकडून ती अपेक्षा करता येत नाही.

बुडबुडा काढायचा तर शाईला कुणीतरी जोराने खाली ढकलायला हवं. यासाठी पूर्वी आम्ही रिफिलच्या मागून तोंडाने फुंकायचो. त्याने फारसा दाब येत नाही, आणि चुकून श्वास आत ओढला गेला की जीभ निळी. लहान मुलांना तर हे मुळीच करू देऊ नये. याहून चांगला उपाय म्हणजे गोल फिरवणं. दोरीला बांधलेली बादली जोरात फिरवली की पाणी तळाला चिकटून राहतं, तसंच इथे शाई टोकाकडे चिकटते. पण त्याआधी शाई पातळ करून घ्यावी, म्हणजे श्रम निम्मे होतात. थंडीत गोठलेला मध बाटली गरम पाण्यात ठेवली की ओघळू लागतो, तशीच ही शाई उष्णतेने पातळ होते.

मी एका कपात उकळतं पाणी आणि तेवढंच नळाचं पाणी घेतलं. असं केलं की तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास येतं, मोजायला काही लागत नाही. त्यात रिफिल टोक खाली करून दोन इंच बुडवून तीन मिनिटं धरली. मागचं उघडं टोक पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर नळीत पाणी जातं. यापेक्षा जास्त तापवायची गरज नाही. काडीच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर टोक धरायची पद्धत शाळेत सर्रास होती आणि ती वाईट आहे. पितळ क्षणात तापतं, त्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी मऊ पडते आणि टोक सैल होतं. सातवीत माझं असंच टोक निघालं आणि तापलेली शाई बोटांवर आणि इतिहासाच्या पुस्तकावर सांडली. बोटावरचा फोड आठवड्याने गेला, पुस्तकातली चार पानं वर्षभर निळी राहिली.

गरम रिफिल पुसून लगेच पेनात घातली, टोकाला कागदाची चिंधी गुंडाळली आणि ते पेन एका लांब मोज्याच्या पायाच्या बोटांकडच्या भागात सरकवलं, लिहायचं टोक तळाकडे. पेन आत उलटू नये म्हणून मोज्याला बाहेरून रबरबँड लावला. मग गच्चीवर जाऊन मोज्याचं दुसरं टोक घट्ट धरून गोफणीसारखं फिरवलं. हाताच्या मुठीपासून पेनापर्यंत साठेक सेंटिमीटर अंतर असेल आणि सेकंदाला दोन फेरे होत असतील, तर शाईवर तिच्या वजनाच्या जवळजवळ दहापट जोर पडतो. तीस फेरे पुरे झाले. टोक बाहेरच्या बाजूला आहे ना, हे दोनदा तपासायचं. उलटं झालं तर शाई मागच्या उघड्या टोकातून मोज्यात येते. आसपास कुणी नसावं हे सांगायला नकोच.

खाली येऊन रिफिल उजेडात धरली. पितळाजवळची रिकामी जागा गेली होती आणि शाईच्या वरच्या बाजूला, जिथे हवा असायलाच हवी तिथे, नळी तेवढी जास्त रिकामी दिसत होती. चिंधीवर निळा ठिपका होता. वर्तमानपत्रावर पहिली वीतभर रेघ तुटक आली, मग फिकी आणि जराशी पसरट, कारण टोकात स्पिरिटचा अंश होता. तो निघून जाईपर्यंत लिहीत राहायचं. सात-आठ ओळींनंतर रेघ गडद आणि सलग झाली. मी अर्धं पान अ-आ-इ-ई लिहून काढलं, कुठे तुटलं नाही.

पेन घेऊन स्वयंपाकघरात गेलो, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि ओट्यावर ठेवून बारा तारखेत दोन लिहिला. अर्धाच उमटला. क्षणभर वाटलं की सगळं फुकट गेलं. मग पान उलटून मागच्या बाजूला लिहिलं तर अक्षर स्वच्छ. पुढच्या बाजूवरून बोट फिरवलं तेव्हा कळलं. गॅसच्या बाजूच्या निम्म्या पानावर तेलाचा अगदी पातळ थर होता, डोळ्याला न दिसणारा पण बोटाला जाणवणारा. तेलावर छर्रा फिरत नाही, घसरतो. घामेजला हात जिथे टेकतो तिथेही हेच होतं. परीक्षेत पानाच्या खालच्या ओळींत पेन अडखळतं आणि मुलं घाबरून पेन बदलतात, तेव्हा पुष्कळदा पेन ठीक असतं, कागदाला तळहाताचा तेलकटपणा लागलेला असतो. हाताखाली एक कोरा कागद ठेवून लिहिलं तर ही अडचण येत नाही. पांढऱ्या खोडशाईवर ती पुरती वाळायच्या आत लिहिलं तर तिचा चुना छर्ऱ्याला बसतो, तोही स्पिरिटच्या कापसाने निघतो.

हे सगळे उपाय तेलकट शाईच्या बॉलपेनचे आहेत. जेल पेनची गोष्ट वेगळी. त्याची शाई पाण्यातली असते, रिफिल जाड आणि पारदर्शक असते आणि शाईच्या मागे ग्रीससारखा पारदर्शक गोळा असतो, तो शाईबरोबर पुढे सरकतो आणि मागून तिला सुकू देत नाही. त्या गोळ्याला मागून काडी घालायची नाही की फुंकर मारायची नाही. जेल पेन बिनटोपणाचं राहिलं की बॉलपेनपेक्षा खूप लवकर सुकतं. त्याला स्पिरिटऐवजी कोमट पाण्याने ओला केलेला कापूस टोकाला दोन-चार मिनिटं लावून ठेवावा आणि मग खोडरबरावर फिरवावं. तेवढ्याने नाही चाललं तर शाई आतपर्यंत घट्ट झालेली असते, त्यात आणखी वेळ घालवू नये.

बॉलपेनमध्येही एक दुखणं असं आहे की त्याला उपाय नाही. पेन टोकावर फरशीवर पडलं की मऊ पितळेची खोबण चेपते आणि छर्रा एका बाजूला रुततो. ओळखायची खूण अशी की एका दिशेने ओढलेली रेघ उमटते आणि उलट्या दिशेने पेन कागद खरवडतं. भिंगातून पाहिलं तर काठाचा गोल बिघडलेला दिसतो. तसंच फार वापरलेल्या पेनात खोबण झिजून छर्रा सैल होतो, मग पेन अडखळतं आणि शाईचे गोळेही टाकतं. अशी रिफिल बदलावी. पेन बदलायची गरज नाही. पुष्कळ पेनांची रिफिल सुटी मिळते आणि नळीची लांबी जुळली की काम होतं.

त्या दिवशी आम्ही कॅलेंडर कोरड्या फडक्याने पुसलं आणि गॅसपासून लांब, जेवणाच्या टेबलाच्या भिंतीला लावलं. निळं पेन आता टेबलावरच्या पेल्यात टोपण घालून, टोक खाली करून असतं आणि आई त्यानेच किराण्याची यादी लिहिते. कॅलेंडरच्या खिळ्याला मात्र आता पेन्सिल बांधली आहे, कारण भिंतीवर लिहायला तीच चांगली.